‘माल मिळालाच नाही’ म्हणणाऱ्या चार्जबॅकला एका पानात उत्तर

२४ फेब्रुवारी २०२५ ला संध्याकाळी आमच्या पेमेंट गेटवेचा मेल आला. जानेवारीत विकलेल्या एका ऑर्डरचे ६,९४० रुपये आमच्या खात्यातून वळते करून घेतले होते, कारण ग्राहकाने बँकेला कळवलं होतं की माल मिळालाच नाही. असे बँकेमार्फत पैसे परत खेचले जाणं म्हणजेच चार्जबॅक. पुरावा द्यायची मुदत ३ मार्चला संध्याकाळी सहापर्यंत. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं छोटंसं काम आहे, बीडाची भांडी विकायचं. ऑर्डर होती घणसोलीच्या एका सोसायटीतली, एक कढई, एक तवा आणि एक अप्पेपात्र. ट्रॅकिंगवर स्वच्छ `Delivered` दिसत होतं.

माझ्या दिराने लगेच उत्तर लिहायला घेतलं. ‘ग्राहक धडधडीत खोटं बोलत आहे, आमच्याकडे सगळे पुरावे आहेत, ओटीपी टाकून पेमेंट केलेलं आहे, आम्ही कष्टाने धंदा करतो...’ मी त्याला थांबवलं, कारण वर्षभरापूर्वी अगदी असंच पत्र आणि सोबत एकोणीस फायली पाठवून आम्ही एक केस हरलो होतो. तेव्हा माल खरोखर पोचला होता. हरलो ते पुरावा नव्हता म्हणून नाही, तो कुणाला सापडला नाही म्हणून.

या वेळी पुराव्याचा सारांश कसा केला ते इथे क्रमाने लिहिते. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत ज्यांचा माल सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या हातात पडतो, त्यांना हे जास्त उपयोगी पडेल. ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीत आपलं सगळ्यात कच्चं ठिकाण तेच असतं.

आधी कारणाचा कोड बघा

मेलमध्ये किंवा गेटवेच्या डॅशबोर्डवर कारणाचा कोड असतो. व्हिसा कार्ड असेल तर माल न मिळाल्याचा कोड 13.1. मास्टरकार्डमध्ये 4853 या एकाच कोडखाली ग्राहकाच्या बऱ्याच तक्रारी येतात, त्यामुळे तिथे सोबतचा मजकूर वाचावा लागतो. व्हिसाचा 13.3 म्हणजे वस्तू सांगितल्यासारखी नव्हती किंवा खराब निघाली, आणि 10.4 म्हणजे हा व्यवहार मी केलाच नाही.

कोडवर पुढचं सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना सहसा ओटीपी लागतो, म्हणून दुकानदाराला वाटतं की ओटीपी हाच मोठा पुरावा. ‘व्यवहार मी केला नाही’ या तक्रारीत तो खरंच कामाचा आहे. पण 13.1 मध्ये ग्राहक म्हणतोय, ‘हो, पैसे मीच दिले, वस्तू कुठे आहे?’ त्याला ओटीपी दाखवणं म्हणजे प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. दिराच्या पत्रातलं ते वाक्य मी पहिल्यांदा खोडलं.

तुमचं उत्तर कुठून कुठे जातं तेही डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्याकडून गेटवेकडे, तिथून त्यांच्या बँकेकडे, मग कार्ड नेटवर्कमधून ग्राहकाच्या बँकेकडे. तिथला जो माणूस ते वाचतो त्याने तुमचं दुकान पाहिलेलं नाही, घणसोली कुठे आहे हे त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि त्याच्यापुढे अशा फायलींची रांग असते. त्याला एकच ठरवायचं असतं. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या मुदतीत, ग्राहकाच्या किंवा ग्राहकाने नेमलेल्या माणसाच्या हातात वस्तू पडली का? सारांशातलं प्रत्येक वाक्य या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे. जे तसं नाही ते काढून टाकायचं.

मुदत आणि रिफंड

मुदत तुमच्या मेलमध्ये छापलेली असते तीच खरी. नेटवर्क बँकेला जास्त दिवस देतं, पण गेटवे आणि बँक आपापल्या कामाचे दिवस त्यातून काढून घेतात, त्यामुळे दुकानदाराच्या हाती पुष्कळदा आठवडाच येतो. शेवटच्या दिवसावर जाऊ नका. बऱ्याच डॅशबोर्डवर पुरावा एकदाच सादर करता येतो, ‘सबमिट’ दाबल्यावर पान बंद होतं.

आणि या काळात ग्राहकाला रिफंड देऊ नका. भांडण नको म्हणून लोक घाईने रिफंड करतात. चार्जबॅकमध्ये पैसे आधीच गेलेले असतात, वरून रिफंड केला की दोनदा जातात, आणि परत मागताना नाकीनऊ येतात. चार्जबॅक यायच्या आधीच रिफंड झाला असेल तर गोष्ट सोपी आहे, त्या रिफंडची तारीख, रक्कम आणि एआरएन म्हणजे तो २३ अंकी संदर्भ क्रमांक कळवायचा.

लढायचं की सोडायचं

ट्रॅकिंगवर पार्सल परत आल्याचं दिसत असेल, किंवा ते एखाद्या हबमध्ये अडकून बसलं असेल, तर ग्राहक बरोबर आहे. चार्जबॅक मान्य करा आणि कुरिअरकडे नुकसानभरपाई मागा. त्याचीही मुदत कुरिअरच्या अटींमध्ये असते आणि ती लवकर संपते. दोन पेट्यांपैकी एकच पोचली असेल तर तेवढ्याच रकमेपुरतं उत्तर देता येतं का ते गेटवेला विचारा. सगळ्यासाठी भांडायला गेलं तर एक पेटी पोचली नाही हे दिसतंच, आणि मग दुसरीवरचा विश्वासही जातो.

आमच्या केसमध्ये `Delivered` होतं. पण तेवढ्याने भागत नाही.

पुरावा गोळा करणं: कुरिअर

ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून बघा, त्यात काय लिहिलंय? आमच्यात होतं ‘१० जानेवारी, दुपारी १:१७, नवी मुंबई’ आणि पुढे `Delivered`. नवी मुंबई म्हणजे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत काहीही. पत्ता नाही, फ्लॅट नाही, कुणी घेतलं त्याचं नाव नाही. बँकेतला माणूस इथेच अडतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून कुरिअरकडून दोन गोष्टी मागायच्या. एक, पीओडी, म्हणजे माल पोचल्याची सहीची पावती किंवा डिलिव्हरी करणाऱ्याच्या फोनवर घेतलेली सही आणि फोटो. दोन, त्यांच्या लेटरहेडवर किंवा कंपनीच्या मेलवरून दोन ओळी, ज्यांत एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, पूर्ण पत्ता, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव असेल. डिलिव्हरी ओटीपी घेऊन झाली असेल तर तो ओटीपी कोणत्या नंबरवर गेला आणि किती वाजता टाकला गेला, हेही त्यात यावं. पेमेंटचा ओटीपी इथे निरुपयोगी असला तरी डिलिव्हरीचा ओटीपी सोन्यासारखा आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

हे पहिल्याच दिवशी मागा. पीओडीचे फोटो कुरिअरकडे कायम राहत नाहीत. आमच्या कुरिअरच्या शाखेतला मुलगा आधी म्हणाला, “मॅडम, सिस्टीमला डिलिव्हर्ड दिसतंय ना, मग अजून काय पाहिजे?” त्याला काय हवंय ते तीन ओळींत लिहून मेल केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पीओडी आली. सहीच्या जागी एक वेडीवाकडी रेघ आणि खाली इंग्रजीत ‘सिक्युरिटी’. म्हणजे माल वॉचमनने घेतला होता.

दिराचा चेहरा पडला. मला मात्र आता कळलं होतं की पुढे नक्की काय शोधायचंय.

वॉचमनने घेतलं, मग पुढे?

वॉचमन हा ग्राहक नव्हे. त्याच्या हातात पेटी देणं म्हणजे ग्राहकाला देणं, असं आपण धरून चालतो, कारण इकडच्या सोसायट्यांत तेच चालतं. बँकेच्या माणसाने ते का धरून चालावं? त्याला दाखवावं लागतं की ग्राहकानेच वॉचमनकडे द्यायला सांगितलं होतं, किंवा ग्राहकाने नंतर ती पेटी वॉचमनकडून उचलली. दोन्ही असेल तर उत्तमच.

पहिली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सापडली. ९ जानेवारीला कुरिअरचा माणूस पहिल्यांदा गेला तेव्हा दार बंद होतं. ट्रॅकिंगवर त्या भेटीची नोंद ११:४२ ची आहे. मी १२:०५ ला ऑर्डर देणाऱ्या ताईंना मेसेज केला होता, ‘ताई, आज घरी कुणी नव्हतं, उद्या किती वाजता पाठवू?’ त्यांचं उत्तर १२:११ चं: ‘उद्या पण ऑफिस आहे, वॉचमनकडे ठेवायला सांगा, मी संध्याकाळी घेईन.’ हा एक मेसेज दिराच्या त्या पत्रातल्या सगळ्या कष्टांपेक्षा भारी होता.

स्क्रीनशॉट घेताना वरचा नंबर दिसला पाहिजे, आणि तो ऑर्डरवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. आपल्या फोनमध्ये ‘घणसोली कढई’ अशा नावाने नंबर सेव्ह असेल तर चॅटमध्ये नंबर दिसत नाही. संपर्काचं पान उघडून त्याचाही स्क्रीनशॉट जोडायचा. तारीख दिसेल एवढं वर सरकवून घ्यायचं, कारण व्हॉट्सअ‍ॅप प्रत्येक मेसेजशेजारी फक्त वेळ दाखवतं, तारीख त्या दिवसाच्या सुरुवातीला एकदाच येते.

दुसरी गोष्ट गेटवरच्या रजिस्टरमध्ये असते. आता बऱ्याच सोसायट्यांत अ‍ॅप आहे, आणि अ‍ॅपमध्ये पार्सल गेटवर ठेवल्याची नोंद होते. पण ती नोंद रहिवाशाच्या फोनवर असते, आपल्याला मिळत नाही. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर असेल तर नशीब.

मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून घणसोलीला गेले. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून कारण सांगितलं होतं. गेटवरच्या काकांना ऑर्डरची तारीख सांगितली तसे ते म्हणाले, “ती लोखंडाची पेटी का? लई जड होती बघा ताई. खुर्चीखाली सरकवली तर खुर्चीच हालंना.” त्यांनी रजिस्टर उघडलं. १० जानेवारीच्या पानावर सातवी ओळ: फ्लॅट नंबर, कुरिअरचं नाव, आली १:२०, आणि शेवटच्या रकान्यात ‘नेली ८:०५’ आणि एक सही.

या रजिस्टरमध्ये दोन रकाने असतात आणि फरक तिथेच पडतो. ‘आली’ हा रकाना कुरिअरचंच म्हणणं पुन्हा सांगतो. ‘नेली’ आणि त्यापुढची सही म्हणजे पेटी वॉचमनच्या हातून घरात गेली. नुसता पहिला रकाना भरलेला असेल तर तो जोडा, पण फार आशा ठेवू नका.

पानाचा फोटो काढताना इतर फ्लॅटचे नंबर आणि फोन झाकले. काकांच्या वहीतला दुसरा एक कोरा कागद वर-खाली ठेवून फक्त ती ओळ आणि पानावरची तारीख उघडी ठेवली. इतर रहिवाशांची माहिती बँकेकडे पाठवायचं आपल्याला काहीच कारण नाही. वर ग्राहकाच्या दारात मी गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. तिथे झालेला एखादा चढा शब्द तुमच्याविरुद्ध दुसरी तक्रार होऊन येतो.

सीसीटीव्हीचं विचारलं होतं. दीड महिन्यापूर्वीचं चित्रण त्यांच्याकडे उरलेलं नव्हतं, नवीन चित्रण जुन्यावर चढत जातं. मिळालं असतं तरी डॅशबोर्डवर व्हिडिओ चढवता येत नाही. वेळ दिसणारी दोन स्थिर चित्रं काढून घेणं, एवढाच त्याचा उपयोग.

पोचल्यानंतरचं वागणं

घरी परत येऊन मी चॅट पुढे वाचत गेले, आणि १२ जानेवारीच्या रात्री ९:२६ ला ताईंचाच मेसेज दिसला. फोटो होता, गॅसच्या शेगडीवर आमची कढई, आणि खाली प्रश्न: ‘पहिल्यांदा तेल कोणतं लावायचं? कडेला तांबूस दिसतंय.’ मी त्यांना जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल सांगितलं होतं आणि विसरून गेले होते.

ज्याला माल मिळाला नाही तो कढईच्या कडेच्या गंजाबद्दल विचारत नाही. म्हणून अशा केसमध्ये डिलिव्हरीच्या दिवशी थांबू नका, त्यानंतरचा सगळा पत्रव्यवहार चाळा. वापराबद्दलचा प्रश्न, झाकण मिळेल का अशी चौकशी, वॉरंटीची नोंदणी, बदलून द्यायची मागणी, यातलं काहीही मिळालं तरी ते पीओडीपेक्षा वजनदार ठरू शकतं.

ग्राहकाशी बोलावं का

बोलावं, शांतपणे, आणि ऑर्डरवरच्या नंबरवरच. मी फोन केला तेव्हा ताई चकित झाल्या. “अहो, मी कुठे तक्रार केली? थांबा, ह्यांना विचारते.” कार्ड त्यांच्या यजमानांचं होतं. स्टेटमेंटवर आमच्या दुकानाचं नाव नव्हतं, फर्मचं नोंदणीचं नाव होतं, जे कुणीच ऐकलेलं नव्हतं. त्यांनी बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या नोंदीवर बोट ठेवलं, समोर आलेल्या पर्यायांतला ‘माल मिळाला नाही’ निवडला आणि विसरून गेले.

अशा वेळी हायसं वाटतं आणि पुरावा द्यायचा राहून जातो. ग्राहक ‘बँकेला सांगतो’ म्हणाला म्हणून चार्जबॅक थांबत नाही. त्याने सांगितलं तरी ते बँकेत कुठल्या टेबलावर पोचतं ते आपल्या हातात नाही. ग्राहकाकडून मेलवर चार ओळी मागा: ऑर्डर क्रमांक, रक्कम, वस्तू कधी मिळाली, आणि तक्रार मागे घेत आहे. हे कार्डधारकाने लिहिलेलं असलं पाहिजे, म्हणजे आमच्या बाबतीत यजमानांनी. ताईंनी ‘उद्या पाठवायला सांगते’ म्हटलं. मी १ मार्चपर्यंत वाट पाहिली आणि मग त्या मेलशिवायच पुढे गेले.

सारांश लिहिताना

एक पान, फार तर सव्वा. भाषा साधी इंग्रजी, कारण वाचणारा कुठल्या शहरात बसला असेल सांगता येत नाही. मराठी मेसेज आणि रजिस्टरची ओळ तशीच ठेवायची आणि प्रत्येकाखाली इंग्रजी भाषांतर टाइप करायचं. ‘वॉचमनकडे ठेवायला सांगा’ हे वाक्य भाषांतराशिवाय पाठवलं तर ते तुमच्यासाठी पुरावा आहे, वाचणाऱ्यासाठी नुसतं चित्र.

सुरुवातीला केस क्रमांक, ऑर्डर क्रमांक, रक्कम, व्यवहाराची तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार अंक. पूर्ण कार्ड क्रमांक लिहायचा नाही, आणि तो तुमच्याकडे असताच कामा नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

मग लगेच निष्कर्ष. गोष्ट रंगवत शेवटाकडे न्यायची नाही. आमच्या सारांशातला मुख्य मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता:

> ही वस्तू १० जानेवारी २०२५ रोजी, कबूल केलेल्या १४ जानेवारीच्या मुदतीआधी, ऑर्डरवर दिलेल्या पत्त्यावर पोचली आणि त्याच दिवशी ग्राहकाच्या फ्लॅटच्या नावे सही करून नेली गेली.
>
> ७ जानेवारी, ००:३४ (भारतीय वेळ): ऑर्डर आणि पेमेंट. पत्ता व फोन ग्राहकाने भरले. (जोडपत्र १)
>
> ८ जानेवारी, १६:५०: कुरिअरने माल उचलला. कुरिअरने मोजलेलं वजन ८.२ किलो. (जोडपत्र २)
>
> ९ जानेवारी, ११:४२: पहिली भेट, दार बंद. १२:११ ला ग्राहकाने त्याच फोनवरून लेखी सूचना दिली की माल सोसायटीच्या सुरक्षारक्षकाकडे ठेवावा. (जोडपत्र २ आणि ३)
>
> १० जानेवारी, १३:१७: सूचनेनुसार सुरक्षारक्षकाकडे डिलिव्हरी. २०:०५ ला त्या फ्लॅटच्या नावे सही करून माल नेल्याची सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद. (जोडपत्र २ आणि ४)
>
> १२ जानेवारी, २१:२६: ग्राहकाने याच कढईचा स्वतःच्या स्वयंपाकघरातला फोटो पाठवून वापराबद्दल विचारलं. (जोडपत्र ३)
>
> १२ जानेवारीपासून चार्जबॅकपर्यंत माल न मिळाल्याची कोणतीही तक्रार आमच्याकडे आलेली नाही. रिफंड दिलेला नाही.

एवढंच. खोटारडा, फसवणूक, कष्ट, यातलं काही नाही. यजमानांनी चुकून बटण दाबलं हेही लिहिलं नाही, कारण ते आमच्याकडे फक्त फोनवर ऐकलेलं होतं, लेखी नव्हतं. ज्याला जोडपत्र नाही ते वाक्य सारांशात नको.

शेवटच्या ओळीबद्दल एक. व्हिसाच्या प्रक्रियेत ग्राहकाने आधी दुकानदाराशी बोलून प्रश्न सोडवायचा प्रयत्न करणं अपेक्षित आहे. तुमच्याकडे मेल, फोन, मेसेज काहीच आलं नसेल तर ते एका ओळीत नोंदवा. पण आधी स्पॅमचा फोल्डर बघून घ्या, नाहीतर तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटेल.

वजनाचा आकडाही सहज टाकलेला नव्हता. तीन भांड्यांचं वजन आमच्या इनव्हॉइसप्रमाणे ७.६ किलो, पेटी आणि पुठ्ठा धरून कुरिअरच्या काट्यावर ८.२. उद्या कुणी ‘पेटी आली, पण रिकामी’ म्हणालं तर हा आकडा तिथे आधीच असावा.

तारखा एकमेकींशी जुळतात का

आम्ही इथेच जवळजवळ घसरलो होतो. गेटवेच्या रिपोर्टमध्ये पेमेंट ६ जानेवारी, १९:०४ ला झालेलं दिसत होतं आणि आमच्या इनव्हॉइसवर ७ जानेवारी. तारखा वेगळ्या म्हणजे कागद नंतर बनवले का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच. खरं कारण साधं होतं: तो रिपोर्ट `UTC` मध्ये होता, आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. १९:०४ मध्ये साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र उलटून ००:३४ होतात. मी सारांशात सगळीकडे ‘भारतीय वेळ’ लिहिलं आणि जोडपत्र १ खाली एका ओळीत हा फरक समजावला.

नावांचंही तसंच. ऑर्डर ताईंच्या नावावर, कार्ड यजमानांचं. 13.1 मध्ये माल कार्डधारकाच्याच हातात पडला पाहिजे असं नाही, त्याने ज्याला परवानगी दिली तो माणूसही चालतो. पण ऑर्डर, पत्ता, फोन, चॅट आणि रजिस्टरमधला फ्लॅट नंबर हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं दिसलं पाहिजे. आमच्या इनव्हॉइसवर फ्लॅट नंबरासोबत विंगचं अक्षर होतं आणि कुरिअरच्या लेबलवर ते अक्षरच गळलं होतं. ते लपवलं नाही. फ्लॅट नंबर, सोसायटी आणि पिनकोड 400701 तिन्ही ठिकाणी तेच आहेत असं लिहून टाकलं.

फाइल बांधणं

सगळं एका पीडीएफमध्ये, सारांश पहिलं पान, मग जोडपत्रं क्रमाने, प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक क्रमांक. ड्राइव्हची लिंक देऊ नका, बँकेतला माणूस बाहेरची लिंक उघडत नाही. महत्त्वाच्या ओळीभोवती जाड काळी चौकट काढा. पिवळ्या रंगाने रंगवलं तर वाटेत कुठेतरी ते काळं-पांढरं होतं आणि ओळच झाकोळून जाते. मी आमची फाइल एकदा घरच्या प्रिंटरवर काळी-पांढरी छापून पाहिली. रजिस्टरची सही फिकट पडत होती, म्हणून तो फोटो जवळून पुन्हा कापून मोठा केला.

आकाराची मर्यादा डॅशबोर्डवर लिहिलेली असते. फोनचे फोटो जसेच्या तसे टाकले तर ती सहज ओलांडली जाते, आणि मग घाईत दाबून लहान केलेल्या फोटोत अक्षरं वाचता येत नाहीत. आमची फाइल सात पानांची झाली.

एका ओळखीच्या वकिलांनी सुचवलं होतं की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं. ते कोर्टासाठी. इथे कोर्ट नाही, नेटवर्कचे नियम आहेत, आणि त्यांना ते लागत नाही. पण मूळ चॅट फोनमधून पुसू नका. प्रकरण पुढे ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलं तर तेच मूळ लागेल.

सादर केल्यानंतर

२ मार्चला दुपारी सबमिट केलं आणि पोचपावतीचं पान साठवून ठेवलं. यजमानांचा मेल ४ तारखेला आला, तोवर डॅशबोर्ड बंद झाला होता. तो मेल मी टाकून दिला नाही, कारण पहिल्या फेरीत आपण पुरावा दिला तरी ग्राहकाची बँक तो मान्य न करता पूर्व-लवादाची फेरी सुरू करू शकते. तिथे पुन्हा उत्तर द्यावं लागतं, आणि त्यानंतर प्रकरण नेटवर्कच्या लवादाकडे गेलं तर हरणाऱ्या बाजूवर नेटवर्कची फी बसते. ६,९४० रुपयांच्या कढईसाठी तिथवर जायचं का, हा हिशेब तेव्हाच करायचा, आणि बहुधा उत्तर ‘नाही’ असतं. पण नवा कागद हातात असेल तर त्या फेरीचं पहिलं उत्तर तरी भक्कम देता येतं.

आम्हाला ती वेळ आली नाही. एप्रिलमध्ये पैसे परत जमा झाले. व्हिसाच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस मिळतात, तेही माल मिळायच्या अपेक्षित तारखेपासून मोजले जाऊ शकतात, म्हणून ऑर्डरची प्रत्येक फाइल आता किमान सहा महिने ठेवतो, आणि चारशे-पाचशे रुपयांच्या तव्याचीसुद्धा पीओडी डिलिव्हरी झाल्याच्या आठवड्यातच उतरवून घेतो.

स्टेटमेंटवरचं नाव बदलायला गेटवेला मेल केला. अक्षरांची मर्यादा असल्यामुळे दुकानाचं पूर्ण नाव बसलं नाही, मग नावाचा पहिला शब्द आणि ‘तवा’ एवढंच ठेवलं.